फोटोतला हॉलमार्क वाचताना: आकड्यावर थांबू नका

एका पिवळ्या ब्रेसलेटचा फोटो समोर आहे. सोबत काट्यावरच्या वजनाचाही फोटो आहे, ३० ग्रॅम. फाशाच्या जिभेवर 14K असा ठसा स्वच्छ दिसतो आणि जिभेचा पुढचा भाग चौकटीच्या बाहेर राहिलाय. चौदा कॅरट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं, म्हणजे ३० ग्रॅममध्ये साडेसतरा ग्रॅम शुद्ध सोनं, असा हिशेब कुणीही मनात करेल.

आता त्याच फाशाचा दुसरा फोटो मागवा, जीभ पूर्ण दिसेल असा. त्यावर 14K नंतर बारीक अक्षरांत GF 1/20 आहे. GF म्हणजे ‘गोल्ड फिल्ड’. पितळेसारख्या हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाबाने चिकटवलेला असतो, आणि त्या पत्र्याचं वजन एकूण वजनाच्या विसाव्या भागाइतकं असतं. म्हणजे ३० ग्रॅममध्ये १.५ ग्रॅम सोनं, तेही चौदा कॅरटचं. शुद्ध सोनं उरतं ०.८७५ ग्रॅम. दोन फोटोंत फरक दोन-तीन मिलिमीटरचा, पण सोन्यात तो बरोबर वीसपट पडला. गंमत म्हणजे यात ठसा खोटा नाही. ज्याने मारला त्याने खरं तेच लिहिलं होतं, फक्त फोटोत ते अर्धंच आलं.

म्हणून फोटोवरून शुद्धता ठरवताना आकडा हा पहिला प्रश्न असला, तरी शेवटचा नाही. आकडा किती सोन्याचा दावा करतो, तो दावा दागिन्याच्या कोणत्या भागाबद्दल आहे आणि तो कोण करतंय, या तीन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात.

आकड्याचं गणित सोपं आहे. तीन अंकी संख्या असेल तर ती हजारातले भाग सांगते: 375 म्हणजे नऊ कॅरट, 585 चौदा, 750 अठरा, 916 बावीस आणि 999 जवळजवळ शुद्ध. जर्मनीकडच्या दागिन्यांवर 333, म्हणजे आठ कॅरट, हाही नेहमी सापडतो. सोव्हिएत काळातल्या चौदा कॅरटवर 585 ऐवजी 583 असतं, त्यामुळे 583 दिसलं की लगेच ‘नकली’ म्हणू नये. गणिताने चौदा कॅरट ५८३.३ भागच भरतं.

अडचण येते ती झिजलेल्या आकड्यांत. अंगठीच्या आतला ठसा वर्षानुवर्षं घासला की 5 आणि 8 एकमेकांसारखे दिसायला लागतात. 835 हा युरोपातल्या चांदीचा जुना, सर्रास आढळणारा ठसा आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या अंगठीवर तो पुसट झाला, तर फोटोत 585 म्हणून सहज खपून जातो. 925 तर सरळ चांदीचाच, दागिना कितीही पिवळाधमक दिसला तरी. फोटो उलटा धरलाय का हेही बघा, आणि इथे एक मजेशीर गोष्ट आहे: 916 आणि 585 हे दोन्ही आकडे डोक्यावर उभे केले तरी जवळजवळ तसेच वाचता येतात. त्यामुळे फोटो उलटा आहे हे आकड्यावरून कळतच नाही आणि शेजारची अक्षरं न वाचता सोडून दिली जातात.

आता त्या शेजारच्या अक्षरांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. GP किंवा GEP म्हणजे विजेच्या साहाय्याने दिलेला सोन्याचा मुलामा. HGE म्हणजे तोच, जरा जाड. RGP हा GF चाच भाऊ, पण त्यात सोन्याचा थर आणखी पातळ असतो. जुन्या घड्याळांच्या डब्यांवर 10 किंवा 20 अशा आकड्यासोबत ‘मायक्रॉन’ लिहिलेलं असतं. ती मुलाम्याची जाडी असते, कॅरट नव्हे. यातलं कुठलंही अक्षर आकड्याला लागून असेल, तर 14K किंवा 18K हा आकडा फक्त वरच्या थराबद्दल बोलतोय असं समजायचं.

पण एक उलटा सापळाही आहे. 14KP असा ठसा दिसला की अनेक जण त्या P ला मुलामा समजून दागिना बाजूला ठेवतात. इथे P म्हणजे ‘प्लंब’, अर्थात कॅरट नेमकं भरतं, कमी नाही. हा भरीव चौदा कॅरटचा दागिना आहे. 14KP आणि 14KGP यांत एका G चा फरक आहे, आणि धूसर फोटोत नेमका तोच G पुसला जातो. विकणाऱ्याने स्वतःच हा घोळ घालून भरीव सोनं मुलाम्याच्या मोलाने मांडल्याचीही उदाहरणं असतात. CZ दिसलं तर ते खड्याबद्दल आहे, तो हिरा नसून झिर्कोनिया आहे. सोन्याच्या शुद्धतेशी त्याचा संबंध नाही.

हे सगळं वाचता येण्यासाठी फोटो मुळात वाचण्याजोगा हवा. ठसा जेमतेम अर्धा ते दीड मिलिमीटर उंचीचा असतो. फोन त्याच्या अगदी जवळ नेला की फोकसच बसत नाही, आणि लांबून काढून बोटांनी मोठा केला की फोनमधलं सॉफ्टवेअर कडा ‘सुधारून’ देतं. मग पुसट 3 चा 8 होतो आणि पाहणाऱ्याला वाटतं किती स्वच्छ आलाय. त्यापेक्षा दागिना टेबलावर ठेवावा, फोन कशाला तरी टेकवून दहा-पंधरा सेंटीमीटर अंतरावर स्थिर धरावा, कॅमेऱ्यात स्वतंत्र टेलिफोटो किंवा मॅक्रो भिंग असेल तर ते वापरावं आणि ठशावर बोट टेकवून फोकस धरावा. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग फोनच्या लेन्ससमोर धरलं तरी काम भागतं.

प्रकाश कुठून येतो हे ठशाच्या प्रकारावर ठरवा. पंचने ठोकलेला ठसा खोल असतो. त्याला एका बाजूने, टेबलाशी जवळजवळ समांतर प्रकाश दिला की खाचांत सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. दागिना त्याच जागी थोडा थोडा फिरवून तीन-चार फोटो काढावेत, कारण एका दिशेच्या प्रकाशात आडव्या रेघा दिसतात तर दुसऱ्या दिशेने उभ्या. लेसरने कोरलेला ठसा मात्र उथळ असतो. त्याला तिरपा झगझगीत प्रकाश दिला की फक्त चकाकी येते. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा कागद धरून प्रकाश मऊ केला की तो वाचता येतो. फ्लॅश दोन्हींसाठी वाईट. आणि फोटो पाठवताना मेसेजिंग अॅपमधून नेहमीसारखा न पाठवता फाइल किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर अॅप तो दाबून लहान करतं आणि नेमका तोच बारीक तपशील जातो.

एवढं करून फक्त ठशाचा जवळचा फोटो घेतला तर अर्धं काम राहतं. त्याच बैठकीतला एक असा फोटो हवा, ज्यात ठसा आणि दागिन्याचा ओळखता येण्याजोगा भाग एकत्र दिसतात. नाहीतर तो ठसा त्याच दागिन्यावरचा आहे हे कशावरून?

चौकटीबाहेरच्या अक्षरांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठसा कुठे आहे. साखळीचा फासा हा तिचा सगळ्यात आधी मोडणारा भाग. तो बदलला जातो आणि नवा फासा स्वतःच्या ठशासकट येतो. मुलाम्याच्या साखळीला 750 चा फासा लावलेला असू शकतो, आणि त्याउलट अठरा कॅरटच्या साखळीला चौदाचाही. म्हणून फाशाच्या दोन्ही टोकांचे, शेवटच्या कडीवर झाळलेल्या चकतीचे आणि मधल्या कड्यांचेही फोटो मागवावेत. दोन्ही टोकांवर एकच आकडा असेल तर भरवसा वाढतो. रंगात फरक असेल तर विचारावं. अंगठीत ठसा साधारणपणे आतल्या बाजूला असतो. त्याच्या भोवती चौकोनी किंवा गोल पुसट रेघ दिसली, तर दुसऱ्या दागिन्यातला ठशाचा तुकडा कापून इथे झाळला आहे की काय अशी शंका घ्यायला जागा आहे. अंगठी लहान-मोठी करतानाही सांधा येतो, पण तो अंगठीच्या पट्टीला आडवा छेदतो, ठशाला वेढत नाही.

ठशाच्या कडा बघा. खरोखर ठोकलेल्या ठशात धातू दबून बाजूला किंचित उचललेला असतो आणि खाचेचा तळ गुळगुळीत असतो. दागिन्याचा साचा करून ओतकाम केलेलं असेल तर ठसाही साच्यासोबत ओतला जातो. तेव्हा त्याच्या कडा गोलसर होतात आणि अक्षरांच्या तळाशी आजूबाजूसारखाच बारीक दाणेदार पृष्ठभाग दिसतो. म्हणजे मूळ दागिन्याचा ठसा नकलेवर उतरला. नक्कल सोन्यातलीही असू शकते, पण तो ठसा तिची हमी देत नाही. तसंच सगळा दागिना घासून गुळगुळीत झालाय आणि ठसा मात्र काल मारल्यासारखा धारदार आहे, हेही जुळत नाही.

रंगाबद्दल मात्र जपून बोलावं. मुलामा आधी कडांवर आणि अंगठीच्या तळव्याकडच्या भागावर झिजतो. तिथे आतला पांढरट, राखाडी किंवा लालसर धातू दिसला तर ती ठोस खूण आहे. पण पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा थर दिलेला असतो, आणि तो झिजला की खालचं सोनं किंचित पिवळसर दिसतं. अस्सल अठरा कॅरटची पांढरी अंगठी त्यामुळे ‘मुलामा निघालेली’ वाटते. शिवाय फोनचा कॅमेरा पिवळेपणा स्वतःच्या मर्जीने वाढवतो, म्हणून दोन वेगवेगळ्या फोटोंतले रंग ताडून निष्कर्ष काढू नये. एकाच फोटोतले दोन भाग ताडावेत.

आता ठसा कुणाचा, हा प्रश्न. काही देशांत आकडा निर्माता स्वतःच मारतो, काही देशांत स्वतंत्र तपासणी केंद्र. इटालियन दागिन्यांवर चौकटीत 750 आणि शेजारी निर्मात्याचा क्रमांक व प्रांताची अक्षरं, उदाहरणार्थ VI किंवा AR, असतात. हा मुळात निर्मात्याचाच शब्द आहे, पण कुणाचा शब्द हे त्यावरून शोधता येतं. ब्रिटिश हॉलमार्क स्वतंत्र केंद्राचा असतो. त्यात तीन खुणा सक्तीच्या: ज्याने दागिना तपासायला दिला त्याची अक्षरं, शुद्धतेचा आकडा आणि केंद्राचं चिन्ह. लंडनचं बिबट्याचं डोकं, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचं गुलाब, एडिनबरोचा किल्ला. तिथे आकड्याभोवतीची चौकटही बोलते. सोन्याच्या आकड्याभोवती कोपरे छाटलेला लांबट आकार असतो, चांदीच्या आकड्याभोवती लंबगोल. आकडा झिजला तरी चौकट ओळखू आली, तर 835-585 सारखा घोळ टळतो.

भारतीय हॉलमार्कमध्ये आता तीनच खुणा असतात: बीआयएस या भारतीय मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 किंवा 18K750 अशी शुद्धता, आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. हा क्रमांक २०२१ मध्ये आला आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यांच्या विक्रीसाठी सक्तीचा झाला. त्याआधीच्या दागिन्यांवर तपासणी केंद्राचं आणि सराफाचं चिन्ह धरून चार खुणा दिसतात आणि एचयूआयडी नसतो. तेवढ्यावरून तो नकली ठरत नाही. नुसतं KDM असेल तर तो शुद्धतेचा ठसा नाहीच. ते झाळणीत कॅडमियम वापरल्याचं सांगतं.

एचयूआयडीचा खरा उपयोग असा की तो फोटोवरूनच तपासता येतो. BIS Care या अॅपमध्ये Verify HUID वर जाऊन क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्राची माहिती दिसते. बरेच जण ‘माहिती आली म्हणजे खरा’ इथेच थांबतात. खऱ्या दागिन्यावरचा क्रमांक उतरवून दुसऱ्या दागिन्यावर कोरणं अवघड नाही आणि अॅप तरीही माहिती देणारच. म्हणून आलेली माहिती फोटोशी जुळवावी. फोटोत बांगडी आहे आणि अॅप अंगठी म्हणतंय, ठशावर 22K916 आहे आणि अॅपमध्ये अठरा कॅरट आहे, की व्यवहार तिथेच थांबवावा. क्रमांक सापडलाच नाही तर आधी वाचण्यात चूक झाली का ते पाहावं. 0 आणि O, 8 आणि B, 5 आणि S या जोड्या पुन्हा तपासून क्रमांक टाकावा.

विकणाऱ्याच्या बाजूने याच कारणासाठी एक सल्ला: सगळ्यांना दिसणाऱ्या जाहिरातीत एचयूआयडी पूर्ण दाखवू नका. मधली दोन अक्षरं झाकून फोटो टाकावा आणि बोलणं पुढे सरकलं की पूर्ण क्रमांक द्यावा. शुद्धतेचा आकडा आणि त्याच्या आजूबाजूचा भाग मात्र झाकू नये.

ठसा वाचून झाला की त्याला वजनाची साक्ष लावता येते, आणि ती फोटोतूनही मागवता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, पाण्याचा छोटा ग्लास आणि दोरा एवढंच लागतं. आधी दागिना कोरडा तोलायचा. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही, चिकटलेले बुडबुडे हलवून काढायचे. काट्यावर जो आकडा येतो तो दागिन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते.

आपल्या ब्रेसलेटलाच हे लावू. कोरडं वजन ३० ग्रॅम, पाण्यात काटा ३.४० दाखवतो. भागाकार ८.८. पिवळ्या चौदा कॅरटची घनता साधारण तेराच्या पुढे असते, म्हणजे भरीव असतं तर काट्यावर २.२ ते २.३ ग्रॅम यायला हवे होते. पितळेची घनता साडेआठच्या आसपास. त्यामुळे तो GF फोटोत दिसला नसता तरी या एका आकड्याने सांगितलं असतं. तुलनेसाठी: पिवळं अठरा कॅरट १५ ते १६ च्या दरम्यान, बावीस कॅरट १७.७ च्या आसपास, शुद्ध सोनं १९.३, आणि दागिन्यांची चांदी १०.४.

याच्या मर्यादा वजनातच दडलेल्या आहेत. दोन ग्रॅमची अठरा कॅरटची अंगठी फक्त ०.१३ ग्रॅम पाणी सारते. काटा ०.०१ ने चुकला तर उत्तर १४.३ पासून १६.७ पर्यंत कुठेही येईल, म्हणजे अठरा कॅरट आहे की नाही हे नीट सांगता येणार नाही. पाच-सहा ग्रॅमच्या खाली ही पद्धत फक्त चांदी-पितळेवरचा मुलामा पकडायला वापरावी. पोकळ बांगड्या, पोकळ कड्यांच्या साखळ्या आणि खड्यांचे दागिने आत हवा किंवा हलका खडा असल्याने अस्सल असूनही हलके ठरतात. फाशातली छोटी स्प्रिंगही बहुधा पोलादाची असते, पण तिने मोठा फरक पडत नाही. उलट बाजूने, टंगस्टनची घनता सोन्याइतकीच, १९.२५ आहे. त्यामुळे शुद्ध सोन्याच्या भरीव बिस्किटाला किंवा जाड नाण्याला ही चाचणी पुरेशी नाही.

फोटो, ठसा आणि वजन जुळल्यावरही मोठा व्यवहार असेल तर दागिना प्रत्यक्ष तपासायला न्यावा, आणि तिथेही कोणती चाचणी होतेय ते विचारावं. एक्स-रे मशीन दागिन्याला इजा करत नाही, पण ते पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनपर्यंतच बघतं. आपल्या ब्रेसलेटचा गोल्ड फिल्ड थर त्याहून जाड असू शकतो, आणि मग मशीन बिनदिक्कत चौदा कॅरट दाखवेल. अशा वेळी फाशाच्या आतल्या बाजूला, नजरेस न पडणाऱ्या जागी, कानशीने छोटी खाच पाडून तिच्या तळाशी पुन्हा मोजायला सांगावं. खाच वरचा थर ओलांडून खाली गेली पाहिजे, नाहीतर पुन्हा तोच आकडा येईल.